देवीचं नाव वर

ऐक गो, आधी ऐकून तर घे, मग बोल. मधे मधे ‘पण’ नाही म्हणायचं. ती आमची अमृता, चोपड्याची, डिचोलीला पंपवाल्यांकडे कामाला होती ती, तिची गोष्ट सांगतेय. तुला वाटेल मेसेजची ती काय गोष्ट! पण त्या मेसेजापायी एका माणसाचा संसार पोत्यात भरून झाला होता, सुतळीसुद्धा बांधली होती.

सोमवारची सकाळ. आदल्या दिवशी, रविवारी, शिरगावच्या बाजूला खाणीच्या खड्ड्यात पाणी चढलेलं. पावसात खाणीवर माती काढायचं काम बंदच असतं, पण खड्ड्यातलं पाणी उपसायचे पंप बंद ठेवून चालत नाही. पाणी वर आलं की काठावरून खालच्या शेतात उतरतं, लाल चिखलासकट. तर रविवारी पंप बंद पडला, कुणी गेलं नाही, मोटार पाण्याखाली बुडाली आणि बांधावरून चिखल खालच्या दोन कुणग्यांत शिरला. भाताची रोपं लाल झाली. गावातली माणसं खाणीच्या गेटवर जाऊन उभी.

अमृता ऑफिसात आली तेव्हा तिचा मालक, रघुनाथबाब, खाणीच्या पंपांचं कंत्राट त्याचंच, कॉम्प्युटरसमोर तिच्याच कदेलवर बसलेला. एरवी तो माणूस त्या खुर्चीला हात लावत नाही. कॉम्प्युटर म्हणजे अमृताचं राज्य.

“हें वाच,” बाब म्हणाला. “कितें बरयलां?”

पडद्यावर लिहिलेलं, डिलिव्हर्ड. एकाखाली एक, रविवारच्या दुपारचे सगळे मेसेज. सगळ्यांपुढे डिलिव्हर्ड.

“पोचले म्हणून लिहिलंय, बाब.”

“पोचले! मेसेज पोचले, पण तो भैरू काय उठून गेलो ना. झोपलो आसतलो जेवून. मॅनेजराक हांवें फोनार सांगलां, माणूस काडटां म्हूण. सांजेक खोली खाली करूंक जाय. तूं वच आनी आमचो फोन घेवन ये ताचेकडसून. सिम आमचें.”

म्हणजे बघ गो, खड्ड्यांवर पंप राखणारा तो भैरू, त्याला कामावरून काढला, संध्याकाळी खोली खाली, आणि फोन आणायला जायचं अमृतानं. ते मेसेजचं सगळंसुद्धा तिनंच बसवलेलं. आणि भैरूला तिनंच सांगितलेलं, ‘दादा, आता खड्ड्यापाशी बसून राहायला नको, फोन तुम्हाला हाक मारेल.’

आता हे नीट समजून घे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पंपाच्या शेडमध्ये एक पेटी आहे. ती पंपाकडे लक्ष ठेवते, पाण्याकडे लक्ष ठेवते. पंप बंद पडला की ती पेटी मेल पाठवते. फक्त मेल. फोन लावायचा, एसएमएस करायचा, ह्यातलं तिला काही येत नाही, तशीच बनवलीय ती. आणि भैरू! चंदगडकडचा माणूस, त्याच्याकडे तो बटणांचा साधा फोन. त्याला मेल कुठून दिसणार? म्हणजे एकाला फक्त मेल येते, दुसऱ्याकडे फक्त एसएमएस येतो, आणि मधे डोंगर.

तर अमृतानं कुठेतरी वाचलं की पुण्याची एक कंपनी गेटवे देते. एक खास पत्ता असतो. भैरूचा मोबाईल नंबर, त्याच्यापुढे ॲट, त्याच्यापुढे त्या गेटवेचं नाव. त्या पत्त्यावर मेल टाकली की ते लोक मेल उघडतात, म्हणजे त्यांचं मशीनच उघडतं, विषयाची ओळ टाकून देतं, चित्रं-बित्रं असली तर फेकून देतं, फक्त आतला मजकूर उचलतं आणि त्या नंबरावर एसएमएस म्हणून सोडतं. कुणीही सोम्यागोम्या नाही पाठवू शकत हां, आपला मेलचा पत्ता आधी नोंदवावा लागतो. बस्स. पेटीला वाटतं आपण मेल पाठवली, भैरूला वाटतं आपल्याला मेसेज आला. दोघांनाही एकमेकांचं काही शिकावं लागत नाही.

मार्चमध्ये तिनं करून दाखवलं. पेटीवर टेस्टचं बटण आहे, ते दाबलं, आणि भैरूच्या खिशात टिंग! ‘PUMP 2 BAND. PANI VAR. LAGECH JA.’ इंग्रजी अक्षरात मराठी. भैरू सातवी शिकलेला, अक्षरं लावून लावून वाचलं आणि काय हसला म्हणतेस! “च्यायला, पंप बोलाय लागला की ओ ताई!”

सगळे खूश. इतके खूश, की बाबनं दुसऱ्या खड्ड्यावरच्या बाबलीला तिथून काढून दुसऱ्या कामावर घातला. बांद्याचा बाबली, दोघं मिळून दोन खड्डे बघायचे. आता फोन हाक मारणार म्हटल्यावर दोन माणसं कशाला? दोन्ही खड्डे भैरूकडे. ह्या खड्ड्यापासून त्या खड्ड्यापर्यंत रेनकोट घालून चालायचं म्हणजे चांगलीच तंगडतोड. तिथे असताना इथलं काही दिसत नाही, पावसात ऐकूही येत नाही. म्हणून तर मेसेज.

हे सगळं डोक्यात घेऊन अमृता ऑफिसची स्कूटर काढून निघाली. पाऊस असा की हेल्मेटच्या काचेवर नुसती लाल रेघ, पुढच्या ट्रकनं उडवलेली. आणि डोकं तर विचारूच नको. भैरू झोपला? भैरू? जो माणूस पंपाशी बोलतो, ‘चल रं बाबा, चल’ म्हणतो, तो झोपेल? पण डिलिव्हर्ड लिहिलंय. पोचला म्हणजे पोचलाच ना? मग वाचला नसेल? सगळेच्या सगळे मेसेज वाचले नाहीत? तिनं दोनदा स्कूटर थांबवली, फोन करावा म्हणून. दोन्ही वेळा फोन परत खिशात. काय विचारणार? ‘दादा, झोपला होता का?’ असं विचारायचं?

भैरूची खोली म्हणजे खाणीच्या जुन्या कॅन्टीनच्या मागची एक खोली, उजेडाला एक जनेल, वर पत्रे. आत सिंधू, त्याची बायको, भांडी पोत्यात भरत होती. पोरगी शाळेत गेलेली. तिला अजून माहीतच नव्हतं. ह्याच जूनमध्ये तिला गावातल्या मराठी शाळेत घातलेली, पहिलीत.

“या,” सिंधू म्हणाली. वर बघितलंसुद्धा नाही. “फोन न्यायला आलाय न्हवं? त्यो बगा, खिळ्याला हाय. पुसून ठेवलाय.”

भैरू दारात उकिडवा बसलेला. समोर चहा, त्यात बुडवलेला उंडो पाव तसाच फुगून बसलेला, खाल्लेला नाही.

“दादा,” अमृता म्हणाली, “काल झोपला होता का हो?” बघ, विचारलंच शेवटी.

“झोपंन कसा? वरल्या खड्ड्यावर हुतो. फूटवाल्वमधी कचरा अडकल्याला, छातीएवढ्या पाण्यात उतरून काढत हुतो. परत येतो तं हितं समदं बुडल्यालं.”

“मग मेसेज आले तेव्हा…?”

“कसलं मेसेज?”

“पंप बंदचे.”

“न्हाई आलं,” भैरू म्हणाला. “सायबांस्नी बी त्येच सांगिटलं. ते म्हंत्यात मिशीन खोटं बोलत न्हाई, तूच खोटं बोलतोस. बरं. मी खोटा.”

“एक पण नाही आला?”

“काल देवीचं तेवडं आलं. सायबांचं.”

“कसलं देवीचं?”

तेव्हा सिंधूनं वर बघितलं. “ते न्हवं का, सायब पाठिवत्यात. जत्रा झाल्यापासनं येत्यात. जूनात पण दोन-तीन आलं. काल तर किती आलं! मी म्हनलं आज काय सन हाय का काय. ह्ये तिकडं कामावर, फोन म्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिल्याला. मागनं ह्यांनी वाचलं नि समद्यांस्नी हात जोडलं.”

“पाण्यातनं वर आल्या आल्या जोडलं,” भैरू म्हणाला. “म्हनलं मालक कसा का असंना, देवमाणूस हाय.”

अमृतानं खिळ्यावरचा फोन घेतला. इनबॉक्स उघडला. आणि गो, तिथेच ओट्यावर बसून एकेक उघडत गेली.

एकाखाली एक, सगळे सारखे. ‘॥ श्री लईराई प्रसन्न ॥ रघुनाथ इलेक्ट्रिकल्स अँड पंप सर्व्हिसेस, डिचोली’

संपलं. पुढे काही नाही. पंप नाही, पाणी नाही, लगेच जा नाही. देवीचं नाव, दुकानाचं नाव, गावाचं नाव, आणि बस्स.

कळलं तुला? नाही ना? मग तेच सांगते. एप्रिल-मेमध्ये शिरगावची जत्रा असते. बाब लईराईचा मोठा भक्त, दर वर्षी व्रत धरतो, अग्नीतून चालतो. जत्रेच्या आधी त्याच्या मनात आलं, आपल्या कागदांवर सगळ्यात वर देवीचं नाव असतं, बिलावर असतं, गाडीवर असतं, मग मेलवर का नाही? अमृताला म्हणाला, घाल. दुसरे लोक मेलच्या खाली काय काय चिकटवतात ना, पत्ता, सूचना, तसं तिनं खाली घालून दाखवलं. बाब भडकला. “देवीक पांयांकडेन घालता? वयर घाल गो, वयर!” तर तिनं सगळ्यात वर घातलं, देवनागरीत, खाली दुकानाचं नाव आणि पत्ता. ऑफिसातून बाहेर जाणाऱ्या सगळ्या मेलांवर आपोआप लागणार असं. आणि त्या पेटीची मेल कुठून बाहेर जाते? ऑफिसच्या त्याच कॉम्प्युटरवरून! मेल काय, ती माणसानं लिहिली की पेटीनं, कॉम्प्युटरला काय फरक? त्यानं तिच्यावरही देवीचं नाव चढवलं, वर.

आणि एसएमएसचं गणित असं की नुसती इंग्रजी अक्षरं असली तर एका मेसेजात एकशेसाठ मावतात. पण त्यात आपलं देवनागरी अक्षर आलं, एक जरी आलं, तरी अख्खा मेसेज दुसऱ्या पद्धतीनं जातो आणि मावतात फक्त सत्तर. काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडलेला तो हलन्त, सगळे वेगवेगळे धरायचे हां. ‘श्री’ आपल्याला एक वाटतो, ते चार असतात. गेटवे तिनं घेतलेला एका मेसेजापुरता, उरलेलं ते कापून टाकतात. अमृतानं तिथे बसल्या बसल्या बोटांवर मोजलं, भैरू बघतोय, सिंधू बघतेय, हिला काय झालंय म्हणून. ‘डिचोली’च्या शेवटच्या वेलांटीवर सत्तर पुरे.

म्हणजे डिलिव्हर्ड खरंच होतं गो! पोचलेच होते सगळे. नुसती डोकी पोचली, धड पुण्यातच कापलं.

“पण मग जूनात?” ती स्वतःलाच विचारत होती. कारण जूनमध्येही दोन-तीनदा पंप बंदची मेल तिच्याकडे आलेली. तिच्याकडे अख्खी मेल येते, देवीच्या नावाखाली पंपाचं सगळं दिसतं. आणि थोड्या वेळात ‘पंप चालू’ची मेल यायची. तिला वाटायचं, वा, काय धावतो भैरूदादा! आणि भैरू कुठे धावत होता? लाईट गेली, लाईट आली, पंप आपला आपण सुरू झाला. काल आपला आपण झाला नाही. आणि काल रविवार, ती चोपड्याला घरी, ऑफिसात मेल बघायला कुणी नाही.

“ताई, काय झालं?” भैरूनं विचारलं.

“दादा, तुम्ही खोटे नाही,” ती म्हणाली. “पोतं सोडू नका… म्हणजे सोडा. म्हणजे थांबा जरा.”

बाहेर येऊन पत्र्याखाली उभी राहून तिनं बाबला फोन लावला. पावसाचा असला आवाज की ओरडून बोलावं लागत होतं, आणि ओरडून सांगायची गोष्ट का ती? तरी सांगितलं सगळं. देवीचं नाव, सत्तर, कापलेलं धड.

मग बाब एकदम हळू आवाजात म्हणाला, “कोणाक सांगलें?”

“कुणाला नाही. भैरूदादालापण नीट नाही सांगितलं.”

“बरें केलें. आयक. दनपारां मॅनेजर येतलो शेडार. शिवदाससायब. सिस्टम कशी चलता ती ताका पळोवपाची आसा, टेस्ट करून. तूं आत्तांच ऑफिसांत वच आनी ती ओळ काडून उडय. टेस्ट बरी जावंक जाय. समजलें?”

“आणि भैरूदादा?”

“ताका मागीर पळोवया. दिवाळेउपरांत खंय तरी लायतां. आतां मॅनेजराक सांगूं, आमचीच चूक? खाणीचें काम गेल्यार धा जाणांचीं घरां बसतलीं, अमृता. तुजेंय.”

तसं बघितलं तर तो खोटं बोलत नव्हता हां. बाबला वाईट माणूस म्हणू नकोस. अमृताच्या बापाच्या आजारपणात आपल्या गाडीनं पणजीला नेलेला त्यानं, रात्र रात्र बाकावर बसलेला.

तर अमृता ऑफिसात आली. ओलीच. कॉम्प्युटर उघडला. जिथे ती ओळ घातलेली ती जागा उघडली. माऊसनं ओळ निवडली, निळी झाली. आता एक बटण, की गेली. काढली की पेटीचे मेसेज परत मार्चसारखे स्वच्छ, मॅनेजर टेस्ट करणार, टिंग, ‘PUMP 2 BAND’, आणि भैरू पक्का खोटा. नाही काढली तर…

उठली. पाणी प्याली. परत बसली. ओळ अजून निळीच. परत उठली, जनेलापाशी गेली, खाली बाजारात कुणीतरी छत्री उलटी झाली म्हणून शिव्या देत होता ते बघितलं, परत आली. पाय नुसता हलतोय टेबलाखाली. तिला आपलं वाटायला लागलं की फोन करून मॅनेजरला सांगून टाकावं. मग वाटलं, आणि बाब? मग वाटलं, सांगायचं कशाला, मी काही नाहीच केलं तर? नुसतं नाही काढलं तर? काही न करणं म्हणजे काय गुन्हा आहे का?

एवढ्यात खाली हॉर्न. बाब गाडी घेऊन आलेला. गाडीच्या खिडकीतून हात करून म्हणाला, “जालें?”

अमृता खाली आली आणि गाडीत बसली. “जालें?” त्यानं परत विचारलं. ती म्हणाली, “चला.” म्हणजे बघ, हो पण नाही म्हणाली आणि नाही पण नाही.

वाटेत पाऊस तसाच. वायपर तेवढा बोलत होता.

शेडमध्ये शिवदास गावस, खाणीचा मॅनेजर, आधीच येऊन उभा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट लाल. खाली खड्ड्यात नवा पंप सोडायचं चाललेलं. बाजूला भैरू, त्याला जायच्या आधी चावी द्यायची होती म्हणून आलेला, आणि मागे सिंधू छत्री घेऊन, पोरीला शाळेतून घेऊन. पोरीच्या पाठीवर दप्तर.

“दाखव,” मॅनेजर अमृताला म्हणाला. “ह्या तुमच्या मशीनचं फार सांगता ना, दाखव कसं चालतं. भैरूच्या फोनवर कशाला, माझाच नंबर घाल. मी बघतो.”

आता आली पंचाईत. कारण तिनं ठरवलेलं, मेसेज भैरूच्या फोनवर येईल, आधी बाब आणि ती बघतील, पुढचं पुढे. हा म्हणतो माझ्या फोनवर! तिनं बाबकडे बघितलं. बाब निवांत. त्याला वाटतंय ओळ काढलेली आहे. “घाल घाल,” तो म्हणाला, “सायबाचोय नंबर घाल.”

तिनं पेटीचं झाकण उघडलं. भैरूच्या पत्त्याखाली मॅनेजरचा नंबर, ॲट, गेटवेचं नाव. एक आकडा चुकला, खोडला, परत घातला. आता टेस्टचं बटण. त्या बटणावर बोट ठेवून ती उभी राहिली. अजूनही म्हणता आलं असतं ना, की रेंज नाही, मोडेम लागत नाही, उद्या करू. पावसात कुणी खोटं म्हटलं नसतं.

मागून ती पोरगी म्हणाली, “आये, आपुन कुटं चाललोय?”

अमृतानं बटण दाबलं.

आणि काही नाही. सगळे फोनकडे बघतायत. मॅनेजरचा फोन हातात, भैरूचा अमृताच्या हातात, आणि दोन्ही गप्प. ह्या एसएमएसचं असंच असतं, फोनसारखं लागलीच वाजत नाही. पेटीतून ऑफिसात, ऑफिसातून पुण्याला, पुण्याहून मोबाईल कंपनीकडे, तिथून परत ह्या चिखलात. कधी लगेच येतो, कधी वाट बघायला लावतो, आणि कधी येणारच नाही तेही कुणी लिहून देत नाही.

“हे असंच?” मॅनेजर म्हणाला. “पंप बुडेपर्यंत येईल ना?”

“येतलो सायबा,” बाब म्हणाला. “पावस आसा म्हूण.”

अमृताला वाटलं नाहीच यावा. मग वाटलं यावा, आत्ताच यावा. कधी भैरूकडे बघते, कधी बाबकडे.

टिंग.

भैरूचा आधी. तिनं बघितलाच नाही. लगोलग मॅनेजरचा. त्यानं फोन डोळ्यांपाशी नेला, मग लांब धरला, आणि मोठ्यानं वाचायला लागला.

“श्री लईराई प्रसन्न. रघुनाथ इलेक्ट्रिकल्स अँड पंप सर्व्हिसेस, डिचोली.” त्यानं बटण दाबून खाली सरकवून बघितलं. “मग? रघुनाथ, पंपाचं काय झालं?”

बाबचा चेहरा, गो… मला सांगताना अमृता तिथे थांबली होती. बाब मॅनेजरकडे बघतच नव्हता. तिच्याकडे बघत होता.

“पंपाचं पुढे होतं, साहेब,” अमृता म्हणाली. “ते कापलं जातं. वर देवनागरी असलं की सत्तरच अक्षरं जातात. वरची ओळ मीच घातलेली. रविवारीसुद्धा भैरूदादाला हेच आलेत, हा बघा फोन.” आणि इनबॉक्स उघडून मॅनेजरच्या हातात दिला.

मॅनेजरनं एकेक बघितला. खाली, खाली, खाली. भैरूला तेव्हा कळलं.

“म्हंजे,” भैरू म्हणाला, “म्या ज्याला हात जोडत हुतो त्यो पंप हुता?”

आणि मॅनेजर हसला गो! हसू आवरेना त्याला. सिंधू पण तोंडाला पदर लावून हसली, मग एकदम रडायलाच लागली, हसता हसता. पोरीला काही कळेना, ती दप्तर घट्ट धरून उभी. बाब एकटा नाही हसला.

पुढचं मॅनेजरनं तिथेच ठरवलं. भैरू राहणार. बाबलीला परत बोलवायचा, एका माणसानं दोन खड्डे बघायचे नाहीत. “मेसेज म्हणजे खांद्यावर हात ठेवल्यासारखा आहे,” तो म्हणाला. “हात ठेवलेला कळला की नाही ते तरी कळू दे.” त्यावर अमृतानंच सांगितलं, मेसेज मिळाला की दादानं ऑफिसला मिस्ड कॉल द्यायचा. नाही आला तर आम्ही फोन करणार, रविवारीसुद्धा, माझ्या घरच्या फोनवर. आणि पेटीला वेगळं खातं, ज्याच्यावर काही चढत नाही, नुसता पंप आणि पाणी, इंग्रजी अक्षरात. जिथे मशीनला फक्त मेल पाठवता येते आणि माणसाकडे साधा फोन आहे तिथे हे गेटवे सोन्यासारखं, पण दोन शब्दांपुरतं. लांबलचक काही सांगायचं असेल, किंवा क्षणाचाही उशीर चालणार नसेल, तर त्याच्यावर टेकून राहायचं नाही. हे सगळं ती भराभर बोलली, घाबरली ना की ती अशीच बोलते.

खाणीचं काम गेलं का? नाही. मॅनेजर म्हणाला, ह्या पावसाळ्यात बघतो, मग बोलू. म्हणजे टांगलेलंच.

परत निघाले. डिचोलीचा बाजार आला, बसस्टँड आला, तिथे त्यानं गाडी थांबवली. पेडण्याची बस लागलेली.

“तुका खबर आशिल्लें,” तो म्हणाला. “ओळ काडूंक ना तें.”

“होय बाब.”

“हांवें तुका काडूंक सांगिल्ली.”

“होय.”

त्यानं समोरच्या काचेकडे बघत हात पुढे केला. “ऑफिसाची चावी.”

तिनं पर्समधून काढून त्याच्या हातावर ठेवली. तिला वाटलं, संपलं. उतरली. दार लावणार तेवढ्यात तो म्हणाला, “देवीक सकयल घालूंक जायना, अमृता. कशेंच ना. ताचें कितें करतलें तें चिंतून दवर.” आणि गेला.

आता सांग, ह्याचा अर्थ काय? कामावर ये की येऊ नको? चावी घेतो आणि काम सांगतो, म्हणे देवीचं नाव खाली जाणार नाही, त्याचं काय करायचं ते विचार करून ठेव! ती आता चोपड्याला बसलीय, जेवत नाही, मिनिटामिनिटाला फोन बघतेय. भैरूनं आज सकाळी मिस्ड कॉल दिला तिला, ऑफिसला नाही, तिलाच. पंप बंद नव्हता, उगाच. ती तेवढी हसली.

आणि मला विचारते, मी ओळ काढायला हवी होती का गो? बाबला तरी आधी खरं सांगायला हवं होतं का, की नाही काढली म्हणून? म्हणून तुला विचारते. ती ओळ निळी झालेली, खाली हॉर्न वाजतोय, बाब ‘जालें?’ म्हणून विचारतोय. तू असतीस त्या कदेलवर, तर काय केलं असतंस?